आईच्या एफडीचे तीन आकडे : पावतीवर एक, एक्सेलमध्ये दुसरा, खात्यात तिसरा

तांबडी_माती | २४ ऑगस्ट २०२४, सकाळी १०.१२

आईची ४४४ दिवसांची एफडी परवा, २२ तारखेला, पूर्ण झाली. ५ जून २०२३ ला ५ लाख ठेवले होते. ज्येष्ठ नागरिक म्हणून दर ७.५ टक्के, आणि पावतीवर "व्याज तिमाही चक्रवाढ" असं स्पष्ट छापलंय. मुदतीअंती मिळणारी रक्कमही पावतीवरच आहे : ५,४७,२००.

मी एक्सेलमध्ये असं केलं :

```
=500000*(1+7.5%/4)^(4*444/365)
```

उत्तर आलं ५,४७,२९९.५१. म्हणजे पावतीपेक्षा शंभर रुपये जास्त. आणि आईच्या बचत खात्यात प्रत्यक्ष जमा झाले ५,४५,६२६.१६! पावतीपेक्षाही दीड हजारानं कमी. आई म्हणते, "असेल काहीतरी, बँक काय आपले पैसे खाते का?" पण तिनं पै-पै जमवून ठेवलेले पैसे आहेत. हिशोब मला कळला नाही तर तिला काय सांगू? आज चौथा शनिवार, बँक बंद. कुणी सांगेल का, शंभर रुपये कुठे गेले आणि दीड हजार कुठे गेले?

सुमुख | सकाळी १०.४०

मला वाटतं बँकेनं सरळ व्याज लावलंय. करून बघा :

५,००,००० × ७.५% × ४४४ ÷ ३६५ = ४५,६१६.४४

म्हणजे एकूण ५,४५,६१६.४४. तुमच्या खात्यात ५,४५,६२६.१६ आले. जेमतेम दहा रुपयांचा फरक, तो कुठल्या तरी राउंडिंगचा असेल. पावतीवर चक्रवाढ छापून प्रत्यक्षात सरळ व्याज दिलं असेल तर तक्रार करायलाच हवी.

मृदगंध_नाशिक | सकाळी ११.०५

धागा वाचून माझाही प्रश्न विचारते. बाबांची ५ लाखांची ठेव आहे, दर हाच ७.५, पण व्याज दर महिन्याला खात्यात येतं. वर्षाचे ३७,५०० म्हणजे महिन्याला ३,१२५ यायला हवेत ना? येतात ३,१०६. तिमाही चक्रवाढ म्हटल्यावर उलट थोडे जास्तच मिळायला हवेत असं मला वाटत होतं. तुमचंही असंच काही झालं असेल का?

अर्धविराम | दुपारी १२.२०

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ठेवींच्या टेबलवर. एकेक करून बघू.

सुमुख, तुमचा आकडा जवळ आलाय हे खरं, पण तो योगायोग आहे. व्याज बँकेची प्रणाली काढते. त्यात राउंडिंग होतं ते पैशांत, फार तर एखाद्या रुपयात. दहा रुपये चुकले म्हणजे पद्धतच वेगळी आहे, असं समजून शोधायला लागायचं. सरळ व्याजाचा आकडा जुळल्यासारखा दिसतोय, कारण चक्रवाढीनं जेवढं वाढलं साधारण तेवढंच दुसऱ्या कशानं तरी कमी झालंय. ते "दुसरं काहीतरी" नंतर पाहू. आधी शंभर रुपये.

तांबडी_माती, तुमचं सूत्र शाळेच्या गणितात बरोबर आहे. बँक ते वापरत नाही. बँक ठेवीच्या तारखेपासून तीन-तीन महिने मोजते. तुमच्या ठेवीच्या तिमाह्या ५ सप्टेंबर, ५ डिसेंबर, ५ मार्च आणि ५ जूनला पूर्ण झाल्या. तिमाही ९१ दिवसांची असो की ९२ दिवसांची, तिला व्याज तेवढंच, वर्षाच्या दराचा चौथा हिस्सा, म्हणजे १.८७५ टक्के. असं चालतं :

पहिल्या तिमाहीला ९,३७५, शिल्लक ५,०९,३७५.
दुसरीला ९,५५०.७८, शिल्लक ५,१८,९२५.७८.
तिसरीला ९,७२९.८६, शिल्लक ५,२८,६५५.६४.
चौथीला ९,९१२.२९, शिल्लक ५,३८,५६७.९३.

इथं ५ जून २०२४ उजाडतो. पुढे २२ ऑगस्टपर्यंत उरतात ७८ दिवस. ही तिमाही अपुरी राहिली, म्हणून तिला चक्रवाढ नाही. ५,३८,५६७.९३ वर ७८ दिवसांचं सरळ व्याज, वर्ष ३६५ दिवसांचं धरून. ते होतं ८,६३१.८४. बेरीज ५,४७,१९९.७७, आणि पावतीवर रुपयात पूर्ण करून ५,४७,२००. पावती अगदी बरोबर आहे.

एक्सेलमध्ये असं लिहा :

```
=500000*(1+7.5%/4)^4*(1+7.5%*78/365)
```

तांबडी_माती | दुपारी १२.४८

काका, खूप आभार. कागदावर मांडून बघितलं, पैशासकट जुळलं. पण मग माझं जास्त का आलं? शेवटच्या तुकड्यावर मी चक्रवाढ धरली म्हणून?

अर्धविराम | दुपारी १.१०

तसं वाटतं खरं, पण तुकड्यावरची चक्रवाढ उलट तुमचा आकडा कमी करते. तिमाहीपेक्षा कमी दिवसांसाठी अपूर्णांकातला घात सरळ व्याजापेक्षा थोडं कमीच देतो. इथं तो फरक सुमारे बारा रुपयांचा आहे, आणि तो बँकेनं तुम्हाला जास्त दिलाय.

खरी गोष्ट २९ फेब्रुवारीची आहे. ५ जून २०२३ ते ५ जून २०२४ यात दिवस आहेत ३६६. बँकेच्या लेखी त्या चार तिमाह्या, म्हणजे बरोबर एक वर्ष. तुम्ही ४४४ ला ३६५ नं भागलंत तेव्हा त्या वर्षाचं वर्ष अधिक एक दिवस झालं. त्या एका दिवसाचं व्याज साधारण १११ रुपये. १११ तिकडे, १२ इकडे, राहिले शंभर.

दिवस मोजायला बोटं नकोत. `EDATE` मध्ये पूर्ण झालेल्या तिमाह्यांचे महिने घातले की शेवटच्या पूर्ण तिमाहीची तारीख येते, ती मुदतीच्या तारखेतून वजा करायची :

```
=DATE(2024,8,22)-EDATE(DATE(2023,6,5),12)
```

उत्तर ७८. लीप वर्ष असो-नसो, यात चूक होत नाही.

कोरा_कागद | दुपारी २.३५

अर्धविराम, एक हरकत. ते ७८ दिवस सगळे २०२४ मधले, म्हणजे लीप वर्षातले. माझ्या बँकेत लीप वर्षातले दिवस ३६६ नं भागतात. तसं केलं तर शेवटचं व्याज ८,६०८.२६ आणि एकूण ५,४७,१७६.१९ होतात. माझ्या मार्चमध्ये पूर्ण झालेल्या ठेवीत नेमका असाच फरक पडला होता आणि शाखेनं "नियमच तसा आहे" म्हणून सांगितलं. मग ३६५ कुठून आणलंत?

अर्धविराम | दुपारी ३.०५

अपुऱ्या तिमाहीचे प्रत्यक्ष दिवस घ्या आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरा, ही भारतीय बँक संघाच्या संहितेतली रीत. पण काही बँका लीप वर्षात ३६६ धरतात हे रिझर्व्ह बँकेलाही ठाऊक आहे. तिचं म्हणणं असं की पद्धत बँकेनं ठरवावी, पण ठेव घेतानाच ठेवीदाराला ती सांगावी आणि शाखेत लावावी. म्हणजे तुमच्या शाखेनं "आमच्या बँकेची पद्धत" म्हणायला हवं होतं. सगळ्यांना बांधलेला नियम तो नव्हे.

कुठली पद्धत लावली ते ओळखणं सोपं आहे. दोन्ही आकडे काढा आणि पावतीवरच्या आकड्याशी लावून बघा. या ठेवीत ३६५ चा आकडा जुळतो, म्हणजे या बँकेनं ३६५ धरलेत.

कोरा_कागद | दुपारी ३.२०

ठेव घेताना मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पावतीवरही तसं काही नाही. २०२३ आणि २०२४ अशा दोन्ही वर्षांत तुकडा पडला तर तो दोन भागांत मोडतात का, हेही शाखेत कुणाला सांगता आलं नाही. लेखी विचारतो.

शेवंता_आठवले_गाव | दुपारी ४.१५

दीड हजारांचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे, मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. तांबडी_माती, तीन गोष्टी सांगाल का? आईंची त्याच बँकेत आणखी ठेव आहे का? व्याजावर कर कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म दिला होता का? आणि दिला असेल तर कधी?

तांबडी_माती | दुपारी ४.३२

हो, आणखी एक ८ लाखांची आहे. तिचाही दर ७.५, व्याज दर महिन्याला येतं, आईचा घरखर्च त्यावरच चालतो. १५एच मी स्वतः भरून दिला होता. जून २०२३ मध्ये, ही एफडी केली त्याच दिवशी. पोचही आहे.

शेवंता_आठवले_गाव | दुपारी ५.००

मग उत्तर तिथंच आहे. १५एच एका आर्थिक वर्षापुरताच चालतो. जून २०२३ चा फॉर्म ३१ मार्च २०२४ ला संपला. एप्रिलमध्ये नवा दिला नाही, म्हणून १ एप्रिलपासून बँकेनं टीडीएस कापायला सुरुवात केली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर जाणार असेल तर १० टक्के कापतात, आणि आईंच्या ८ लाखांच्या ठेवीचंच व्याज त्याच्या वर आहे.

पासबुक काढा आणि दर महिन्याला येणारं व्याज बघा. मार्चपर्यंत एक रक्कम आणि एप्रिलपासून त्याहून सुमारे पाचशे रुपयांनी कमी, असं दिसायला हवं.

तांबडी_माती | संध्याकाळी ५.२५

ताई, अगदी तसंच आहे! मार्चपर्यंत ४,९६९, एप्रिलपासून ४,४७२. आई पाच महिने ४,४७२ मध्ये भागवतेय आणि मला एका शब्दानं बोलली नाही. फोन केला तर म्हणाली, "मला वाटलं दर उतरले असतील." फार वाईट वाटलं. पासबुक मी आधीच बघायला हवं होतं.

मृदगंध_नाशिक | संध्याकाळी ५.४०

थांबा, ८ लाखांना ४,९६९! हिशोबानं ५,००० यायला हवेत. म्हणजे बाबांच्या ३,१०६ सारखंच झालं की.

अर्धविराम | संध्याकाळी ६.०५

मृदगंध, तुमचा प्रश्न मागे राहिला होता, आता सांगतो. बँकेनं कबूल केलेलं व्याज तिमाहीचं आहे, ५ लाखांना तिमाहीअखेर ९,३७५. तुम्ही ते महिन्याला मागता, म्हणजे पहिला हप्ता दोन महिने आधी आणि दुसरा एक महिना आधी घेता. आधी घेतलेल्या पैशांवर बँक तेवढ्या दिवसांची सूट कापून घेते. ती वजा करून महिन्याला ३,१०६ च्या आसपास पडतात. सूट काढण्याची रीत बँकेगणिक थोडी वेगळी असते, त्यामुळे रुपयाभराचा फरक पडू शकतो. त्याच मापानं ८ लाखांना ४,९६९. बाबांचं नुकसान नाही, पैसे लवकर हातात येतात एवढंच. लवकर नको असतील तर तिमाही व्याज घ्या, पूर्ण ९,३७५ येतील.

शेवंताताई, आता तो दीड हजार फोडून दाखवा. माझ्या नोकरीत टीडीएसचं टेबल वेगळं होतं.

शेवंता_आठवले_गाव | रात्री ८.१०

पावती ५,४७,१९९.७७, जमा ५,४५,६२६.१६, फरक १,५७३.६१. पैशांपर्यंत जुळवून बघितलं.

५ मार्च ते ५ जून या तिमाहीचं व्याज ९,९१२.२९, दिवस ९२. त्यातले ३१ मार्चपर्यंतचे २७ दिवस मागच्या आर्थिक वर्षात गेले. वर्ष संपताना बँक तोवरचं व्याज हिशोबात धरते, आणि त्या वर्षाचा १५एच होता म्हणून त्यावर कपात नाही. उरलेल्या ६५ दिवसांचं व्याज ७,००३.२५. त्यावर १० टक्के, ७००.३३. ही रक्कम ५ जूनला ठेवीतूनच कापली.

म्हणून पुढचे ७८ दिवस ठेव ५,३८,५६७.९३ ऐवजी ५,३७,८६७.६० वर चालली. तिचं व्याज ८,६२०.६२, त्यावर टीडीएस ८६२.०६. ठेवीत व्याज मिळवा, टीडीएस वजा करा. येतात ५,४५,६२६.१६.

दोन्ही टीडीएस मिळून १,५६२.३९. तो आईंच्या पॅनवर सरकारकडे जमा आहे, तो बुडालेला नाही. आईंचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून पूर्ण परत मिळेल, पण ते पुढच्या वर्षी, हे आर्थिक वर्ष संपल्यावर. उरलेले ११ रुपये २२ पैसे मात्र गेले. ७०० रुपये ठेवीतून आधीच निघाले, त्यांच्यावर ७८ दिवस जे व्याज मिळालं असतं ते हे.

सुमुख | रात्री ८.३०

माझं चुकलं, कबूल. सरळ व्याजाचा आकडा इतका जवळ आला की पुढे बघितलंच नाही.

यावरून आणखी एक विचारतो. भावानं पोस्टात ५ वर्षांची टाइम डिपॉझिट केलीय, ५ लाख, ७.५ टक्के, व्याजाची आकारणी तिमाही. म्हणजे वीस तिमाह्या. मी त्याला ७,२४,९७४ मिळतील असं सांगून बसलोय. तेही चुकलं का?

अर्धविराम | रात्री ९.००

हो, आणि तिथं चूक मोठी आहे. पोस्टाच्या टाइम डिपॉझिटमध्ये व्याज तिमाहीनं मोजतात, पण दर वर्षाला देतात. चक्रवाढ वर्षाच्या आतच होते. पाच लाखांना वर्षाचे साधारण ३८,५६८. ते काढले नाहीत तरी त्यांच्यावर पुढे व्याज मिळत नाही. पाच वर्षांचे १,९२,८४० धरा, म्हणजे सगळे मिळून ६,९२,८४०. तुमच्या आकड्यापेक्षा ३२ हजार कमी. भावाला आजच फोन करा, आणि दर वर्षीचं व्याज बचत खात्यात घेऊन दुसरीकडे गुंतवायला सांगा.

तांबडी_माती | २५ ऑगस्ट, सकाळी ९.१५

आईच्या नावावरचं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उघडून बघितलं. ५ जूनची नोंद आहे : व्याज ७,००३.२५, टीडीएस ७००.३३. ताईंनी सांगितला तोच आकडा. एप्रिल, मे आणि जूनच्या मासिक व्याजाच्या कपातीही आहेत. पण ८६२ कुठेच नाही, जुलैची कपातही नाही. काळजी करावी का?

शेवंता_आठवले_गाव | सकाळी १०.३०

नको. बँक टीडीएसचं विवरण तीन महिन्यांनी एकदा भरते. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत भरायचं होतं, म्हणून ते दिसतंय. जुलै ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत भरतील. नोव्हेंबरच्या मध्याला पुन्हा बघा. तेव्हाही ८६२ दिसले नाहीत तर मात्र शाखेत लेखी द्या आणि टीडीएसचं प्रमाणपत्र मागा.

१५एच मात्र लगेच द्या. झालेली कपात त्यानं परत येणार नाही, पण पुढच्या महिन्यापासूनचं मासिक व्याज पुन्हा पूर्ण ४,९६९ येईल.

अर्धविराम | सकाळी ११.००

आणखी एक काम करा. पुढची ठेव करताना शाखेत विचारा, टीडीएस ठेवीतून कापणार की बचत खात्यातून. काही बँका खाते निवडू देतात. बचत खात्यातून कापला तर चक्रवाढीची मूळ रक्कम तशीच राहते, आणि पावतीवरचा आकडा शेवटी जसाच्या तसा हातात येतो.

तांबडी_माती | सकाळी ११.४०

या आठवड्यात रजा काढून गावी जातोय. १५एच भरून तयार आहे, आईची सही घ्यायची तेवढी राहिलीय. पाच महिन्यांच्या मासिक कपातीही बेरजेत धरून तिला एका कागदावर मराठीत लिहून देणार आहे : किती परत येणार, कधी येणार. आणि तोवर दर महिन्याला ५०० रुपये मी घालणार.

कोरा_कागद | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०

शाखेचं उत्तर आलं. लीप वर्षात ३६६ दिवस धरतो, हे बँकेच्या ठेव धोरणात आहे, संकेतस्थळावर पाहावे, असं लिहिलंय. पाहिलं, आहे. पण ठेव घेताना का सांगितलं नाही आणि दोन वर्षांत पडलेल्या तुकड्याचं काय करतात, या दोन्ही प्रश्नांवर एक ओळही नाही. पुन्हा लिहिलंय. इथं कुणाची डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली तुकड्याची ठेव असेल आणि पावतीवर ३६६ चा हिशोब जुळत असेल, तर आकडे टाका.